माजी विद्यार्थिनीसोबतचा फोटो टाकायचा आहे, खाली काय लिहू?

निवृत्त_बाई

नमस्कार मंडळी. मी महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. शिवडीच्या शाळेत बरीच वर्षं गणित आणि विज्ञान शिकवलं, पाचवी ते सातवीच्या वर्गांना. परवा गुडघा दाखवायला परळच्या एका रुग्णालयात गेले होते. केसपेपर काढला, रांगेत बसले, नंबर लागल्यावर आत गेले, तर समोरची डॉक्टर खुर्चीतून उठून उभीच राहिली. "बाई, तुम्ही?" १९९८ साली सातवीत होती माझ्याकडे. आता हाडांची सर्जन आहे.

गुडघा तपासून झाला. ओपीडी संपेपर्यंत तिने मला बसवून ठेवलं, चहा पाजला, आणि तिथल्या मामांनी तिच्याच खोलीत माझ्या मोबाइलवर आमचा फोटो काढला. मी खुर्चीत, ती मागे उभी, हात माझ्या खांद्यावर. फोटो सुंदर आलाय. फेसबुकवर टाकायचा आहे, पण खालचा मजकूर मनासारखा होत नाहीये. जे लिहिलंय ते असं (तिचं नाव इथे देत नाही):

"माझ्या हातून घडलेला हिरा! गिरणी बंद पडून वडील घरी बसलेले, पत्र्याच्या खोलीत कंदिलाच्या उजेडात अभ्यास करणारी माझी लाडकी विद्यार्थिनी आज मुंबईतील सुप्रसिद्ध अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. अमुक! ज्यांना गुडघ्याचा, कमरेचा त्रास आहे त्यांनी बिनधास्त जावे, माझे नाव सांगावे. शिक्षकाला आणखी काय हवे? जन्माचे सार्थक झाले!"

मुलगा म्हणतो, "आई, हे व्हॉट्सॲप फॉरवर्डसारखं वाटतंय." त्याला काय कळतं म्हणून सोडून देणार होते, पण मलाही ते खटकतंय. नेमकं कुठे, ते सांगता येत नाही. सुचवा.

टिपटॉप

झकास आहे की! जसंच्या तसं टाका. फार तर सुरुवातीला गुरुशिष्याच्या नात्यावर चार ओळी घाला, माझ्याकडे आहेत, देऊ का? लोकांना असंच आवडतं. दोनशे लाइक कुठे गेले नाहीत.

गिरगावकर_आज्जी

बाई, या डॉक्टर कुठल्या वारी बसतात हो? आमच्या ह्यांचा उजवा गुडघा गेले वर्षभर दुखतोय. तुमचं नाव सांगितलं तर रांगेशिवाय बघतील का? आणि तुम्ही रोज सकाळी भिजवलेली मेथी घेऊन बघा, मला फरक पडला.

चुनाभट्टीकर

माझा जन्म शिवडीचा, म्हणून विचारतो. १९९८ साली कंदील? आमच्याकडे पत्र्याच्या खोलीत ट्यूबलाइट होती, वर पंखा होता, आणि शेजारच्या मीटरवरून ओढलेली वायर होती. कंदील कुठून आला?

निवृत्त_बाई

चुनाभट्टीकर, पकडलंत. कंदील ओघात आला. गरीब मुलांबद्दल लिहायला बसलं की तो येतोच. काढते.

फोटोओळ

बाई, मुंबईतल्या एका मराठी दैनिकात मी उपसंपादक होतो. नोकरीचा निम्मा काळ फोटोखालच्या ओळी लिहिण्यात आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या कापण्यात गेला. खटकतंय कुठे ते सांगतो.

तुमचं प्रत्येक वाक्य कोणाबद्दल आहे ते बघा. "माझ्या हातून घडलेला हिरा" हे तुमच्याबद्दल. मग वडील, गिरणी आणि खोली, म्हणजे घराबद्दल. मग पदवी, आणि ती दारावरच्या पाटीवर आहेच. "बिनधास्त जावे" ही जाहिरात आहे, आणि तिचा परिणाम बघायला लांब जायला नको, आज्जींनी इथेच वार विचारला. शेवटचं "सार्थक झाले" पुन्हा तुमच्याबद्दल. ती मुलगी यात कुठे आहे? नाव बदलून हाच मजकूर कोणत्याही शिक्षकाने कोणत्याही विद्यार्थ्याच्या फोटोखाली टाकला तरी चालेल. फॉरवर्डसारखं वाटतं ते त्यामुळे.

फोटोत जे दिसतं ते ओळीत लिहू नये, हे आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तुम्ही दोघी हसताय, तिचा हात खांद्यावर आहे, माया आहे, हे सगळं फोटो सांगतो. ओळीने फोटोत नसलेलं सांगायचं: कोण, कुठे, कधी, आणि त्यापलीकडे अशी एक गोष्ट जी फक्त लिहिणाऱ्यालाच माहीत आहे. ती सर्जन आहे हे गूगल सांगेल. सातवीत ती कशी होती हे जगात फार थोड्या माणसांना ठाऊक आहे, आणि त्यातल्या तुम्ही एक.

तेव्हा विशेषणं बाजूला ठेवा आणि मला सांगा, ती वर्गात काय करायची? "हुशार होती" चालणार नाही. करायची काय?

अजून एक. फेसबुकवर लांब मजकूर दुमडला जातो, खाली "आणखी पहा" येतं. बहुतेक लोक त्याच्या आधीचंच वाचून अंगठा देतात. म्हणजे तुमच्या मजकुरातलं लोकांनी वाचलेलं असेल ते फक्त हिरा आणि बंद गिरणी.

भूल_देणारा

मी भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे हाडवाल्यांसोबतच दिवस जातो. "बिनधास्त जावे, माझे नाव सांगावे" ही ओळ कृपा करून काढा. डॉक्टरांच्या वर्तनाचे २००२ सालचे नियम आहेत, त्यात स्वतःहून रुग्ण ओढणं आणि स्वतःच्या नावाची जाहिरात होऊ देणं, दोन्ही अनैतिक मानलंय. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले होते, त्यात समाजमाध्यमांवर वेगळी सूचनावली होती, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि २००२ चेच पुन्हा लागू झाले. पोस्ट तुमची आहे, तिची नाही, त्यामुळे कोणी लगेच तिच्यावर कारवाई करेल असं मुळीच नाही. पण तिला टॅग केलंत, तिने खाली हात जोडले, आणि वर "बिनधास्त जावे" असेल, तर विभागातल्या एखाद्या नाराज माणसाला बोलायला जागा मिळते. शिवाय महापालिकेच्या ओपीडीत बाईंचं नाव सांगून कोणाला आधी घ्यायचं? बाहेर शंभर माणसं केसपेपर हातात धरून बसलेली असतात.

दुसरा प्रश्न. फोटो तिच्या खोलीत काढला म्हणालात. तुमच्या मागे भिंतीवर काय आहे? फोटो मोठा करून बघा आणि सांगा.

निवृत्त_बाई

आज्जी, माफ करा, नाव सांगून काही होणार नाही. मीही रांगेतच बसले होते.

भूल_देणारा, मोठा करून बघितला. पांढरा फळा आहे, मार्करने लिहिलेला. वर दुसऱ्या दिवशीची तारीख, खाली क्रमाने नावं, वय, "डावा" किंवा "उजवा", पुढे इंग्रजीत काहीतरी. पाच-सहा नावं स्पष्ट वाचता येतात.

भूल_देणारा

दुसऱ्या दिवशीच्या ऑपरेशनांची यादी आहे ती. कोणाचं, कोणत्या पायाचं, काय होणार आहे. हा फोटो असाच टाकलात तर त्या पाच-सहा लोकांचं दुखणं तुमच्या मित्रयादीत जाईल. त्यांनी कुठे परवानगी दिली? रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं ही जबाबदारी तुमच्यावर नाही, तिच्यावर आहे, आणि फोटो तिच्या खोलीतला आहे हे उघड दिसतंय. टाकायच्या आधीच फोटो कापा, फळा पूर्ण बाहेर जाऊ दे. नुसतं धूसर करण्यावर विसंबू नका, ढोबळ धूसर केलेलं मार्करचं अक्षर बऱ्याचदा तरीही लागतं.

एक्स-रे लावायच्या दिव्याच्या पेटीवर काही लटकत असेल तर तेही बघा. फिल्मच्या कोपऱ्यात नाव असतं.

टिपटॉप

अहो, एवढं काय घाबरवता बाईंना! फेसबुकवर पोस्ट नंतरही बदलता येते. आधी टाका, काही खटकलं तर एडिट करा. व्हॉट्सॲपवरसुद्धा आता मेसेज बदलता येतो.

कोपऱ्यातली_खिडकी

टिपटॉप, बदलता येतं, पण बदललं म्हणून गेलं असं होत नाही. फेसबुकवर ज्यांना पोस्ट दिसते त्यांना एडिटचा इतिहास उघडून आधीचा मजकूरही वाचता येतो. व्हॉट्सॲपवर पंधरा मिनिटांत बदलता येतो, पुढे नाही. आणि तोवर कोणीतरी स्क्रीनशॉट काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेला असतो.

मला हे माहीत आहे, कारण मी त्या फोटोतली दुसरी बाई होते. मी डॉक्टर नाही, एका बँकेत बऱ्यापैकी वरच्या जागेवर आहे. शाळेच्या स्नेहमेळाव्यात एका सरांनी माझ्यासोबत फोटो काढला आणि खाली लिहिलं, "वडील व्यसनी, आई धुणीभांडी करायची, तरीही..." सरांच्या मनात कौतुकच होतं, मला शंका नाही. पोस्ट माझ्या आईने वाचली. भावजयीच्या मोबाइलवर, तिच्यासमोर. बाबा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आई काही बोलली नाही, फक्त मोबाइल परत दिला. मी सरांना फोन केल्यावर त्यांनी तासाभरात ओळ काढली, पण तोवर आमच्या जुन्या चाळीतल्या सगळ्यांनी वाचून झालं होतं. ऑफिसात दोघांनी विचारलं, "मॅडम, आम्हाला माहीत नव्हतं हो."

बाई, तुमच्या मजकुरात तिचे वडील आहेत. ते हयात आहेत का? असतील तर ते हे वाचतील.

चुनाभट्टीकर

खिडकीताई, तुमचं दुःख समजतं. पण गिरणी बंद पडणं आणि व्यसन यांची बरोबरी करू नका. १९८२ च्या संपानंतर लालबाग, परळ, शिवडीत घरोघरी हेच झालं. माझे वडील त्यातलेच. त्यात लाज कसली? उलट हे लिहिलंच पाहिजे. आज महापालिकेच्या शाळेत मूल घालायचं म्हटलं की लोक नाक मुरडतात. त्यांना कळू दे की गिरणी कामगाराची पोर त्याच शाळेतून सर्जन झाली.

कोपऱ्यातली_खिडकी

लाज नाहीच. पण ती गोष्ट तिची आहे. तिला सांगायची असेल तेव्हा ती सांगेल. तुम्ही तुमच्या वडिलांबद्दल सांगितलंत, कारण ते तुमचे वडील.

चुनाभट्टीकर

मग शिक्षकाने शाळेबद्दलही बोलू नये? शाळा तर बाईंचीही आहे.

क्लासवाला

मी ठाण्यात दहावी-बारावीचे क्लास घेतो, त्यामुळे फोटोवर "आमचा विद्यार्थी" लिहिणं हा माझा रोजचा विषय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगवाल्यांच्या जाहिरातींसाठी सूचना काढल्या. यशस्वी विद्यार्थ्याचं नाव किंवा फोटो वापरायचा तर त्याची लेखी संमती हवी, आणि तीही निकाल लागल्यानंतर घेतलेली. प्रवेशाच्या वेळी फॉर्मवर आगाऊ घेतलेली सही चालत नाही. शिवाय त्याने आपल्याकडे नेमका कोणता कोर्स केला तेही सांगावं लागतं. कारण दिल्लीतल्या बड्या क्लासांनी काय चालवलं होतं? मुलाने फक्त शेवटच्या मुलाखतीची तयारी त्यांच्याकडे केलेली, तीही फुकट, आणि होर्डिंगवर मात्र "आमच्याकडून इतके आयएएस". एकच मुलगा चार होर्डिंगांवर!

हा नियम बाईंना लागू नाही, त्या काही विकत नाहीयेत. पण मला त्यातली एक गोष्ट पटते: किती काळ आणि काय शिकवलं ते लिहा. बाई, तुम्ही पाचवी ते सातवी शिकवायचात. ही मुलगी आठवी ते दहावी दुसरीकडे असणार, पुढे अकरावी-बारावी, मग वैद्यकीय महाविद्यालय, मग पीजी. या सगळ्यांनी "माझ्या हातून घडलेला हिरा" वाचला तर?

निवृत्त_बाई

सहावी आणि सातवी, दोन वर्षं, गणित. आठवीला ती दुसऱ्या शाळेत गेली, कारण आमची शाळा सातवीपर्यंतच होती. क्लासवाले, बरोबर बोललात. तिच्या बारावीच्या जीवशास्त्राच्या सरांचं नाव तिने मला आपणहून सांगितलं होतं.

फोटोओळ, तुमचा प्रश्न रात्रभर डोक्यात होता. ती काय करायची? आठवलं. सातवीच्या वर्गात पन्नासच्या वर मुलं आणि कंपासपेट्या जेमतेम दहा-बारा. भूमितीच्या तासाला रोज मारामारी. एक दिवस मी वर्गात गेले तर फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात रेघा मारून तक्ता. सोमवार, बाक क्रमांक एक ते चार. मंगळवार, पाच ते आठ. ज्यांच्याकडे पेटी नाही त्यांनी त्या दिवशी कोणाच्या शेजारी बसायचं, हेही लिहिलेलं. कर्कटकाची आणि कोनमापकाची पाळी वेगळी, कारण दोन्ही एकाच वेळी लागत नाहीत, असं तिचं म्हणणं. मी तो कोपरा वर्षभर पुसू दिला नाही.

आणि आता लिहिताना लक्षात येतंय, परवा तिच्या खोलीतला तो फळा. तीच रेघ, तेच कोष्टक!

फोटोओळ

बाई, मिळाली तुमची ओळ. आणि पंचाईत बघा, ज्या फळ्यामुळे ती सुचली तोच फोटोतून कापायला लागणार. काही बिघडत नाही. फोटोत फळा असता तर ओळीला सांगायला काही उरलं नसतं. आता तो नाही, म्हणून ओळीतच यायला हवा.

लिहून बघा. चारच वाक्यं. एक, साल आणि इयत्ता. दोन, कंपासपेट्यांचा तक्ता. तीन, परवाचा फळा, नावं न घेता. चार, ती कोण आणि तुम्ही तिला काय शिकवलंत. "हिरा", "सार्थक", "अभिमान" यातलं एकही नको. तक्ता वाचल्यावर अभिमान वाचणाऱ्यालाच वाटेल, आपण आधी सांगितलं तर त्याच्या वाट्याला काही राहत नाही.

आणि एक बारीक गोष्ट. मजकुरात एकदा "ती" आणि एकदा "त्या" करू नका. बाईंच्या तोंडी "ती"च शोभते. फक्त नावामागे एकदा "डॉ." लावा आणि मोकळ्या व्हा.

भूल_देणारा

पदही तिलाच विचारून लिहा. सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक ही उतरंड रुग्णालयात फार जपली जाते. बाहेरच्याने कौतुकाने "विभागप्रमुख" लिहिलं की दुसऱ्या दिवशी खऱ्या विभागप्रमुखांसमोर उभं तिला राहावं लागतं. "सुप्रसिद्ध" तर नकोच.

टिपटॉप

मला वाटतं तुम्ही सगळे मिळून बाईंचा आनंद मारताय. "अभिमान वाटतो" म्हणायलाही बंदी? माझ्या मास्तरांनी माझ्याबद्दल हिरा म्हटलं असतं तर मी फ्रेम करून लावलं असतं.

फोटोओळ

तुम्हाला म्हटलं असतं तर मीही कापलं नसतं.

निवृत्त_बाई

काल तिला फोन केला, तीन गोष्टी विचारल्या. फोटो टाकू का, शाळेचं आणि घरचं लिहू का, आणि पद काय लिहू. तक्त्याचा मजकूरही वाचून दाखवला.

आधी खूप हसली. मग म्हणाली, "बाई, तक्ता माझा, पण अक्षर माझं नव्हतं. माझं अक्षर तेव्हाही डॉक्टरचंच होतं. मी सांगायचे आणि माझ्या बाकावरची मैत्रीण लिहायची." मैत्रिणीचं नाव ऐकल्यावर मला तो चेहरा आठवला, दोन वेण्या, पुढून तिसरा बाक. ती आता लालबागला पोळीभाजी केंद्र चालवते, बारा बायका कामाला आहेत. दोघींचं अजून बोलणं असतं.

शाळेचं म्हणाली, "जरूर लिहा, महापालिकेची शाळा हे शब्द गाळू नका." वडिलांचं मात्र नको म्हणाली. ते हयात आहेत, तिच्यासोबतच राहतात. त्यांना फेसबुक बघायची सवय आहे, आणि गिरणीचा विषय निघाला की ते दोन दिवस गप्प होतात. रुग्णालयाचं नावही नको, लोक शोधत येतात म्हणाली. टॅग चालेल, पण ती आधी बघून मगच स्वतःच्या भिंतीवर दिसू देईल, तशी सोय तिने लावून ठेवली आहे.

चुनाभट्टीकर

वडिलांचं कारण ऐकलं. माझा मुद्दा तिच्यापुरता मागे. पण एरवी तो मला अजूनही पटतो. सगळ्यांनी गप्प बसायचं ठरवलं तर गिरणगावातली एक पिढी कशी शिकली हे लिहिणार कोण?

कोपऱ्यातली_खिडकी

लिहा ना, तुम्हीच लिहा. वेगळा धागा काढा. मी पहिली वाचेन.

आणि बाई, टॅग करताना एक लक्षात ठेवा. पोस्ट "फक्त मित्रांसाठी" ठेवलीत तरी टॅग केल्यावर तिच्या मित्रयादीलाही ती दिसू शकते. म्हणजे तिचे सहकारी, आणि यादीत असले तर तिचे रुग्णही. मजकूर लिहिताना तुमचे वाचक म्हणजे तुमच्या मैत्रिणी असं धरू नका.

निवृत्त_बाई

हा शेवटचा खर्डा. फोटो कापलाय, आता फक्त आम्ही दोघी आणि मागे थोडी हिरवी भिंत.

"१९९८. सातवी, महापालिका शाळा, शिवडी. वर्गात मुलं पन्नासच्या वर आणि कंपासपेट्या दहा-बारा. भूमितीच्या तासाला कोणाला कधी पेटी मिळणार याचा तक्ता ही ठरवायची आणि तिची मैत्रीण फळ्याच्या कोपऱ्यात सुंदर अक्षरात लिहायची. परवा तिच्या खोलीत गेले, तर भिंतीवर फळा, आणि त्यावर दुसऱ्या दिवशीच्या ऑपरेशनांची पाळी लावलेली. डॉ. अमुक, अस्थिशल्यचिकित्सक. सहावी-सातवीला मी तिला गणित शिकवलं. परळ, मुंबई."

फोटोओळ

कात्री लावायला जागा नाही. "सुंदर" राहू द्या, ते अक्षराबद्दल आहे. पण तारीख घाला. दहा वर्षांनी कोणी बघितलं तर "परवा" म्हणजे कधी? "परळ, मुंबई" यापुढे महिना आणि साल. आणि माझ्या मते रुग्णालयाचं नाव नसलेली ओळ अर्धीच राहते, पण तिची इच्छा असेल तर तसं.

क्लासवाला

मैत्रिणीचं नाव? अक्षर तिचं होतं तर नाव यायला हवं. आणि तिलाही विचारायला हवं. "यशस्वी माजी विद्यार्थिनी" म्हटलं की एकीसोबतच फोटो का, हा प्रश्न मला पडलाय. बारा बायकांना रोजगार देणारीही त्याच वर्गातली आहे.

निवृत्त_बाई

क्लासवाले, तिचा नंबर मिळवला, बोलले. नाव नको म्हणाली, लाजली. म्हणाली, "बाई, तुम्ही जेवायला या, मग फोटो काढू." लालबागला जाणार आहे. तेव्हा तिच्या फोटोखाली काय लिहायचं, ते अजून ठरलेलं नाही. तिचं म्हणणं, केंद्राचं नाव आणि फोन नंबर लिहा, ऑर्डरी येतील. तिला जाहिरात हवीच आहे, आणि तिला कुठलाही नियम आडवा येत नाही ना?

भूल_देणारा

तिला नाही. लिहा बिनधास्त. पुरणपोळी करतात का तेही लिहा.

निवृत्त_बाई

पोस्ट टाकली, काल रात्री. विद्यार्थिनीने बघून मान्य केली. वडिलांनीही वाचली म्हणे, आणि "तक्ता तू केला होतास? मला कधी सांगितलं नाहीस" असं म्हणाले.

पण आता नवीन अडचण. खाली कमेंटमध्ये माझ्या नणंदेच्या जावेने स्वतःच्या गुडघ्याचा एक्स-रे टाकलाय, "डॉक्टरांना दाखवा ना" म्हणून. कोपऱ्यात तिचं नाव, वय सगळं दिसतंय. आणखी दोघींनी खाली लिहिलंय, "माझाही बघा." काढू की ठेवू? काढलं तर रुसतील.

भूल_देणारा

काढा, लगेच. आधी तिला फोन करा, मग काढा, म्हणजे रुसवा कमी. सांगा की नाव दिसतंय, चारचौघांत नको. तुमच्या विद्यार्थिनीला त्या एक्स-रेवर कमेंटमध्ये एक अक्षर लिहू देऊ नका, तिला तसा मेसेजही करून ठेवा. आणि दाखवायचंच असेल तर केसपेपर काढून ओपीडीत, फिल्म सोबत घेऊन. मोबाइलवर काढलेल्या एक्स-रेच्या फोटोवरून सांधा किती झिजलाय ते नीट कळत नाही.

गिरगावकर_आज्जी

म्हणजे वार सांगणारच नाही तुम्ही कोणी.